मानेमागचा दीड मिलिमीटर

सोनोग्राफीच्या खोलीतले दिवे मंद केलेले असतात. पोटावर गार जेल पडते, डॉक्टरांचा हात फिरत राहतो आणि मग थांबतो. पडद्यावर जेमतेम सहा सेंटिमीटरचे बाळ डॉक्टरांकडे पाठ करून झोपलेले असते. "जरा खोका बघू," डॉक्टर म्हणतात. बाई खोकते, बाळ झोका दिल्यासारखे उडते आणि पुन्हा तसेच पडते. "कुशीवर वळा. आता परत उताणं व्हा." तरीही जमले नाही तर बाईला बाहेर पाठवले जाते. चार फेऱ्या मारा, काही खाऊन या. बाहेर बाकावर बसलेल्या सासूबाईंच्या पोटात गोळा येतो, कारण बाकीच्यांची तपासणी दहा मिनिटांत आटोपलेली असते आणि आपल्याच सुनेला दोनदा आत नेतात. बाळाला काही झाले आहे म्हणून नव्हे, तर एक अंतर अचूक मोजायचे आहे आणि त्यासाठी बाळाने ठरावीक पद्धतीने झोपायला हवे, म्हणून हे चाललेले असते.

हे अंतर असते मानेच्या मागे, कातडी आणि तिच्याखालच्या ऊतीच्या दरम्यान. तिसरा महिना संपत येताना प्रत्येक गर्भाच्या मानेमागे थोडे पाणी साठलेले असते. सोनोग्राफीत पाणी काळे दिसते, म्हणून दोन पांढऱ्या रेषांमध्ये एक काळी पट्टी उमटते. तिची जाडी म्हणजे न्यूकल ट्रान्सलुसन्सी, दवाखान्याच्या बोलीत 'एनटी'. निरोगी बाळातही ती असतेच. बाळाची लांबी 45 मिलिमीटर असते तेव्हा ती साधारण 1.2 मिलिमीटर असते, आणि बाळ 84 मिलिमीटरचे होईपर्यंत 1.9 च्या आसपास जाते. मानेमागे पाणी दिसले म्हणजे दोष सापडला, हा समज त्यामुळे पहिल्याच पायरीवर चुकीचा ठरतो. प्रश्न असतो तो त्या लांबीच्या बाळाला शोभेल त्यापेक्षा पाणी किती जास्त आहे याचा.

गोंधळ टाळण्यासाठी आणखी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत मानेमागच्या कातडीची घडी मोजतात, तिला न्यूकल फोल्ड म्हणतात. तेव्हा पाणी नव्हे, कातडीची जाडी मोजली जाते आणि 6 मिलिमीटरपासून पुढे ती जास्त मानतात. पुष्कळ जण या तपासणीलाही 'फोल्डचा स्कॅन' म्हणतात. मग कुणाच्या तरी पाचव्या महिन्यातल्या रिपोर्टमधला आकडा तिसऱ्या महिन्यातल्या आकड्याशी ताडून पाहिला जातो आणि घरात उगाच रडारड होते. ही दोन मापे एकमेकांशेजारी ठेवण्यासारखी नाहीत.

ब्रिटिश डॉक्टर जॉन लँग्डन डाउन यांनी 1866 मध्ये, पुढे ज्याला डाउन सिंड्रोम हे नाव पडले त्या स्थितीचे वर्णन लिहिले. त्यात अशा मुलांची कातडी अंगाला सैल, जणू एक माप मोठी वाटते, असे निरीक्षण होते. ते सैलपण गर्भातच, पाण्याच्या रूपात पाहता येते हे कळायला सव्वाशे वर्षे गेली. लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये किप्रोस निकोलाइड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 827 गर्भांची पाहणी केली आणि 1992 मध्ये ती प्रसिद्ध केली. त्यांपैकी 51 गर्भांत हे पाणी 3 मिलिमीटर किंवा त्याहून जास्त होते, आणि त्या 51 पैकी 18 गर्भांत गुणसूत्रांचा दोष निघाला. उरलेल्या 776 मध्ये तसे फक्त 10 होते. पुढे 1998 मध्ये 96,127 गरोदर स्त्रियांच्या पाहणीचे निष्कर्ष आले आणि ही तपासणी जगभर रुळली.

पाणी का साठते, याचे एकच एक उत्तर नाही. लसिकावाहिन्या उशिरा जोडल्या गेल्या तर पाण्याचा निचरा होत नाही. हृदयाच्या रचनेत दोष असेल तर रक्त मागे तुंबते. डाउन सिंड्रोममध्ये 21 व्या क्रमांकाचे गुणसूत्र दोनऐवजी तीन असते, आणि कातडीखालच्या तंतूंची घडण ठरवणारी काही जनुके याच गुणसूत्रावर आहेत, त्यामुळे तिथली ऊतीच वेगळी असते. कारणे निरनिराळी, खूण मात्र एकच. म्हणूनच ही खूण दिसल्यावर फक्त डाउन सिंड्रोमचा विचार करून भागत नाही. त्याकडे शेवटी परत यायचे आहे.

तपासणीची वेळ ठरलेली आहे: 11 आठवडे पूर्ण झाल्यापासून 13 आठवडे 6 दिवसांपर्यंत. डोक्यापासून बूडापर्यंतची लांबी, म्हणजे सीआरएल, 45 ते 84 मिलिमीटरमध्ये असायला हवी. त्याआधी बाळाच्या कवटीची हाडे नीट दिसत नाहीत आणि मोठी व्यंगे सुटू शकतात. त्यानंतर हे पाणी आपोआप शोषले जाऊ लागते. दोष असलेल्या बाळातही ते नाहीसे होऊ शकते, आणि मग सगळे ठीक आहे असा खोटा दिलासा मिळतो. चौदावा आठवडा उलटल्यावर 'आता एनटी करून घ्या' असे कुणी म्हणाले, तर त्या मापाला आधारच उरत नाही.

मोजण्याची रीत कडक आहे, कारण इथे 0.1 मिलिमीटरनेही उत्तर बदलते. बाळ एका बाजूने, नाकाच्या शेंड्यासकट बरोबर मध्यरेषेत दिसले पाहिजे. पडद्यावर फक्त डोके आणि छातीचा वरचा भाग इतका मोठा करून घ्यायचा. मान सरळ हवी. बाळाने डोके मागे टाकले असेल तर पट्टी जवळजवळ 0.6 मिलिमीटरने फुगू शकते, हनुवटी छातीला टेकवली असेल तर 0.4 ने दबू शकते. अधिकच्या चिन्हासारख्या दोन खुणा पांढऱ्या रेषांच्या आतल्या कडांवर टेकवायच्या, काळ्या भागात उतरू द्यायच्या नाहीत. पट्टी जिथे सर्वात रुंद आहे तिथे मोजायचे, एकापेक्षा जास्त वेळा मोजायचे आणि नीट मिळालेल्या मापांपैकी सर्वात मोठे धरायचे.

सर्वात फसवी गोष्ट म्हणजे बाळाभोवतीची पिशवी. या दिवसांत तिचे पातळ आवरण बाळाच्या पाठीशी समांतर पडलेले असते आणि पडद्यावर कातडीसारखीच पांढरी रेषा काढते. बाळ त्या आवरणाला टेकून झोपले असेल तर डॉक्टर मानेपासून कातडीपर्यंत मोजताहेत की मानेपासून पिशवीपर्यंत, हे सांगता येत नाही. सुरुवातीच्या त्या खोकण्याचे आणि फेऱ्यांचे कारण हेच. बाळ हलले की कातडी त्याच्याबरोबर हलते आणि आवरण मागे राहते, तेव्हा दोन रेषा वेगळ्या कळतात. कधी नाळ मानेभोवती असते. मग तिच्या वर आणि खाली, दोन्ही ठिकाणी मोजून सरासरी घेतात. घाईत तपासणी केली, यंत्राची चमक वाढवून ठेवली, तर पांढऱ्या रेषा जाड होतात आणि काळी पट्टी आहे त्यापेक्षा बारीक भासते. असे कमी मोजले जाणे जास्त घातक, कारण त्यावर कुणी शंका घेत नाही. रिपोर्ट 'नॉर्मल' येतो आणि विषय संपतो.

आता कागदावर येऊ. एनटीचा आकडा स्वतःहून निर्णय देत नाही, तो एका हिशेबात घातला जातो. त्या हिशेबात तीन गोष्टी असतात: आईचे वय, एनटी आणि आईच्या रक्तातले दोन पदार्थ. या रक्ततपासणीला आपल्याकडे 'डबल मार्कर' म्हणतात. दोन पदार्थांपैकी एक पॅप-ए हे प्रथिन, दुसरे फ्री बीटा एचसीजी. दोन्ही वारेतून येतात. बाळाला डाउन सिंड्रोम असेल तर सरासरीने पॅप-ए निम्मे दिसते आणि बीटा एचसीजी दुप्पट. रक्तातले प्रमाण थेट न देता रिपोर्टमध्ये ते 'एमओएम' म्हणून येते. तेवढ्याच दिवसांच्या गरोदर स्त्रियांच्या मधल्या मूल्याच्या कितीपट, एवढाच त्याचा अर्थ. 1 म्हणजे अगदी मधोमध, 0.5 म्हणजे निम्मे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊन हिशेब मांडू, म्हणजे रिपोर्ट वाचणे सोपे जाईल. समजा तीस वर्षांची बाई आहे, पहिलटकरीण, बारावा आठवडा. या वयाला, या आठवड्यात, बाळाला डाउन सिंड्रोम असण्याची शक्यता सुमारे 626 मध्ये 1 असते. वीस वर्षांच्या मुलीला ती 1068 मध्ये 1, पस्तिसाव्या वर्षी 249 मध्ये 1, चाळिसाव्या वर्षी 68 मध्ये 1. गणिताचा पाया हा. वयापलीकडची कुठलीही माहिती मिळण्याआधी आपण कुठे उभे आहोत, ते हा आकडा सांगतो.

तिच्या बाळाची लांबी 62 मिलिमीटर, एनटी 1.3. या लांबीला अपेक्षित माप साधारण दीड मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे तिचे थोडे कमीच. असे माप डाउन सिंड्रोम असलेल्या गर्भांपेक्षा निरोगी गर्भांत कितीतरी जास्त वेळा आढळते. सॉफ्टवेअर हे 'कितीतरी' आकड्यात बसवते. सोयीसाठी धरू की शक्यता 0.3 ने गुणली गेली. 626 मध्ये 1 चे झाले साधारण 2,100 मध्ये 1. इथे थांबले असते तर आनंदी आनंद.

पण रक्ताचा रिपोर्ट येतो. पॅप-ए 0.42, बीटा एचसीजी 2.1. एक निम्म्याहून कमी, दुसरे दुपटीहून जास्त, दोन्ही डाउन सिंड्रोमच्या दिशेने झुकलेले. यातला पहिला शक्यता तिपटीच्या आसपास वाढवतो आणि दुसरा दुपटीच्या, असे धरले तर एकत्र परिणाम सहापट. 2,100 मध्ये 1 ला सहाने गुणले की उत्तर येते सुमारे 350 मध्ये 1. वयापासून सुरू झालेली शक्यता एनटीने उतरवली आणि रक्ताने पुन्हा वर ढकलली. एकट्या एनटीवर ती बाई निर्धास्त झाली असती आणि एकट्या डबल मार्करवर घाबरली असती. दोन्ही एकमेकांत गुणल्यावर जे उरते, तेच खरे उत्तर.

ही 350 मध्ये 1 म्हणजे चांगले की वाईट? आपल्याकडे बहुतेक प्रयोगशाळा 250 मध्ये 1 ही रेघ मानतात. त्याहून जास्त शक्यता असली की 'हाय रिस्क', आणि 250 ते 1000 च्या दरम्यान 'मध्यम'. उदाहरणातली बाई मध्यम गटात पडते. रेघ कुठे ओढायची हे मात्र निसर्गाने ठरवलेले नाही. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत ती 150 मध्ये 1 आहे. 240 आणि 260 यांच्यात बाळाच्या दृष्टीने तसूभर फरक नाही, पण कागदावर एकीच्या रिपोर्टला लाल शिक्का बसतो आणि दुसरीच्या बसत नाही.

'डबल मार्कर पॉझिटिव्ह आली' हे वाक्य घरोघरी जितके भय निर्माण करते, तितके दुसरे कुठले करत नसेल. पॉझिटिव्ह हा शब्दच इथे दगा देतो. कावीळ पॉझिटिव्ह म्हणजे कावीळ आहे, तसा हा मामला नाही. वय, एनटी आणि रक्त एकत्र धरले तर डाउन सिंड्रोमची सुमारे 90 टक्के बाळे पकडली जातात, आणि ती पकडताना निरोगी बाळांपैकी 5 टक्के चुकून रेघेच्या पलीकडे जातात. दहा हजार गरोदर बायका घ्या. त्यांच्यापैकी समजा 20 जणींच्या बाळांना डाउन सिंड्रोम आहे. त्यातल्या 18 पकडल्या जातील, 2 सुटतील. आणि निरोगी बाळ असलेल्या जवळजवळ 500 जणींनाही 'हाय रिस्क' असे सांगितले जाईल. म्हणजे घाबरलेल्या साधारण 29 जणींमागे एकीच्या बाळाला खरोखर डाउन सिंड्रोम असते. उरलेल्या 28 जणींना पुढची तपासणी होईपर्यंतच्या रात्री जागून काढाव्या लागतात. समोर बसलेल्या जोडप्याला हा आकडा सांगायला डॉक्टरांची दोन मिनिटे जातात, आणि ती दोन मिनिटे त्यांनी द्यायलाच हवीत.

हिशेब सॉफ्टवेअर करते, पण त्यात भरलेले आकडे माणसांनी टाइप केलेले असतात. घसरण बहुतेक वेळा तिथेच होते. पॅप-ए या दिवसांत झपाट्याने वाढत जाते. गर्भ प्रत्यक्षात 11 आठवड्यांचा असून अर्जावर पाळीच्या तारखेवरून 12 लिहिले, तर नैसर्गिक कमी पातळी 'फार कमी' ठरते आणि शक्यता उगाच फुगते. म्हणून दिवस मोजायचे ते पाळीवरून नाही, बाळाच्या लांबीवरून. आईचे वजनही लागते, कारण अंगात रक्त जास्त असले की हे पदार्थ पातळ होतात. 78 किलोच्या जागी 58 पडले तर उत्तर बदलते. धूम्रपान, आयव्हीएफने राहिलेली गर्भधारणा, जुळे, या प्रत्येकाची दुरुस्ती हिशेबात करावी लागते. आपल्याकडे सोनोग्राफी एका ठिकाणी, रक्त दुसऱ्या ठिकाणी आणि हिशेब तिसऱ्या शहरात, असे सर्रास चालते. काही वेळा एनटीचा आकडा पाठवलाच जात नाही आणि प्रयोगशाळा फक्त वय आणि रक्तावर शक्यता काढून देते. त्या रिपोर्टची ताकद बरीच उणी असते. म्हणून 'हाय रिस्क' वाचून धीर सुटण्याआधी पहिल्या पानावरचे चार रकाने तपासावेत: सोनोग्राफीची तारीख, सीआरएल, एनटी, वजन. चूक सापडली तर प्रयोगशाळा तोच हिशेब नव्याने करून देते. पुन्हा रक्त द्यावे लागत नाही.

उदाहरणातल्या बाईचे आकडे तपासले, सगळे बरोबर निघाले. आता काय? त्याच सोनोग्राफीत डॉक्टरांनी नाकाचे हाड पाहिलेले असते. डाउन सिंड्रोमच्या बहुसंख्य गर्भांत या टप्प्यावर ते दिसत नाही, निरोगी गर्भांत मात्र क्वचितच गायब असते. तिच्या बाळात ते स्वच्छ दिसले, त्यामुळे शक्यता आणखी खाली उतरली. तरी मन मानत नसेल तर एनआयपीटी ही पुढची रक्ततपासणी आहे. आईच्या रक्तात वारेतून आलेले डीएनएचे तुकडे तरंगत असतात, ते मोजून 21 व्या गुणसूत्राचा वाटा जास्त आहे का हे पाहतात. डाउन सिंड्रोमच्या 99 टक्क्यांहून अधिक गर्भांत ती बरोबर खूण देते. पण हा डीएनए वारेचा असतो, थेट बाळाचा नव्हे, म्हणून तिनेही 'हो' म्हटले तर खात्री वेगळी करावी लागते. ती खात्री करण्याचे दोन मार्ग आहेत: 11 ते 13 आठवड्यांच्या सुमारास वारेचा बारीक तुकडा घेणे किंवा पंधराव्या आठवड्यानंतर गर्भजल काढून तपासणे. अनुभवी हातात यातून गर्भपात होण्याचा जादा धोका अर्ध्या टक्क्याहून कमी असतो, पण तो शून्य नाही. म्हणूनच ही सुई सरसकट सगळ्यांना टोचत नाहीत आणि म्हणूनच आधी एवढा हिशेब मांडायचा.

या सगळ्याला वेळेचे बंधन आहे. 2021 च्या दुरुस्तीनंतर भारतात गर्भपाताची मर्यादा सर्वसाधारणपणे 20 आठवडे आणि कायद्याने ठरवलेल्या काही स्त्रियांसाठी 24 आठवडे आहे. त्यापुढे गंभीर व्यंग असेल तर निर्णय वैद्यकीय मंडळाकडे जातो. बाराव्या आठवड्यात सुरू झालेला विचार सोळाव्यापर्यंत शांतपणे करता येतो. अठराव्या आठवड्यात जाग आली की शांतपणा उरत नाही. तपासणीआधी भरून घेतला जाणारा 'फॉर्म एफ' आणि दारावरची 'येथे गर्भलिंग तपासणी केली जात नाही' ही पाटी याच खोलीतली आहे. 1994 च्या कायद्यानुसार बाळाचे लिंग सांगणे गुन्हा आहे. गुणसूत्रांच्या रिपोर्टमध्येही ते नमूद केले जात नाही.

राहिला प्रश्न खरोखर जाड पट्टीचा. माप 3.5 मिलिमीटर किंवा त्यापुढे गेले की हिशेबाची भाषा बदलते. बाळाची लांबी काहीही असो, शंभरात साधारण एकाच गर्भाची पट्टी एवढी जाड असते. इथे डबल मार्करच्या निकालाची वाट पाहत बसत नाहीत आणि एनआयपीटीवर समाधानही मानत नाहीत. ती मोजकी गुणसूत्रेच पाहते आणि इथे कारण वेगळे असू शकते. म्हणून वारेचा तुकडा किंवा गर्भजल घेऊन सगळीच गुणसूत्रे आणि मायक्रोअ‍ॅरे नावाच्या तपासणीने त्यांतले बारीक तुटलेले भागही पाहतात. या आकड्याने कितीही धडकी भरली तरी पुढचे चित्र माहीत असलेले बरे: 3.5 ते 4.4 मिलिमीटरच्या गटातही सुमारे 70 टक्के बाळे सुखरूप जन्माला येतात आणि त्यांच्यात मोठा दोष नसतो. 6.5 च्या पुढे हा वाटा 15 टक्क्यांच्या आसपास उतरतो. मधल्या मापांना मधले आकडे.

गुणसूत्रे निर्दोष निघाली तरी बाईला लगेच घरी पाठवत नाहीत. तिला गर्भाच्या हृदयाची खास सोनोग्राफी सांगितली जाते आणि अठरा ते वीस आठवड्यांत बाळाच्या सर्वांगाची तपासणी होते. हृदयाच्या झडपा, रक्तवाहिन्यांचे आडवे-उभे, पोटाची भिंत, हातपाय, एकेक करून पाहतात. अनेकदा तोवर मानेमागची ती काळी पट्टी पूर्ण मावळलेली असते, आणि बाई विचारते की पाणी गेले, मग आता कशाला? पाणी गेले म्हणजे ते ज्यामुळे साठले तेही गेले असे होत नाही. म्हणून डॉक्टर पहिल्या रिपोर्टमधला आकडा फाइलच्या वरच्या पानावर लिहून ठेवतात आणि हृदयाचे चार कप्पे पुन्हा एकदा, हळू, मोठे करून बघतात.